टीपीएची क्वेरी, न सापडणारे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं स्पष्टीकरण

प्रश्न: छोट्या रुग्णालयात इन्शुरन्स डेस्क सांभाळतो. डेंग्यूच्या पेशंटच्या कॅशलेस क्लेमवर, विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएची क्वेरी आलीय. बिलातल्या सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट मागितलेत, आणि भरतीची गरज का होती याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं स्पष्टीकरणही. बिलात रक्ताच्या सीबीसी तपासण्या सहा आहेत, फाइलमध्ये रिपोर्ट तीनच. सोनोग्राफी आणि छातीच्या एक्स-रेचा रिपोर्टही नाही. डॉक्टर म्हणतात, "भरती गरजेची होती, रिपोर्ट उपलब्ध नाहीत, असं लिही, मी सही करतो." एवढं चालेल का?

उत्तर:

चालणार नाही. पण त्याचं कारण टीपीएचा खडूसपणा नव्हे. त्या एका क्वेरीत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि डॉक्टरांचं वाक्य त्यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. पहिला प्रश्न हिशेबाचा: ज्या तपासणीचे पैसे लावले ती खरंच झाली का? दुसरा वैद्यकीय: हा पेशंट घरी गोळ्या-पाण्यावर बरा झाला नसता का? पहिल्याचं उत्तर कागदाने द्यायचं असतं, दुसऱ्याचं डॉक्टरांनी. "रिपोर्ट उपलब्ध नाहीत" म्हटलं की पहिला प्रश्न तसाच राहतो आणि दुसऱ्यावरचा संशय वाढतो.

दुसऱ्या प्रश्नामागे पॉलिसीतली दोन कलमं असतात. एक 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारा'ची व्याख्या. उपचार त्या आजारासाठी गरजेचा हवा, आणि त्याची व्याप्ती, कालावधी आणि तीव्रता गरजेपेक्षा जास्त नको, असं ती सांगते. दुसरं कलम म्हणजे फक्त तपासण्या आणि निरीक्षणासाठी झालेली भरती वगळणारं. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित यादीत ते चौथ्या क्रमांकाचं एक्सक्लुजन आहे. डेंग्यूच्या क्लेमवर हेच कलम बऱ्याचदा वापरलं जातं, कारण कागदावर पाहिलं तर डेंग्यूचा बराचसा उपचार म्हणजे सलाइन आणि रोजचं सीबीसी. त्यामुळे टीपीएच्या डॉक्टरला तुमच्या फाइलमधून हे शोधायचं असतं की सलाइन आणि सीबीसी या पेशंटला का लागलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. क्लेम कॅशलेस आहे, म्हणून उत्तर रुग्णालयानेच द्यायचं. आयआरडीएआयच्या मे २०२४च्या मास्टर सर्क्युलरनुसारही कागद विमा कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून घ्यायचे असतात, पेशंटला पळवायचं नसतं. क्लेम रीइम्बर्समेंटचा असता तर मूळ कागद पेशंटकडे गेलेले असते आणि तुम्ही त्याला डॉक्टरांचं पत्र आणि सत्यप्रती दिल्या असत्या. काही टीपीए स्कॅन स्वीकारतात, काही मूळ प्रत कुरिअरने मागतात. ते क्वेरीच्या मजकुरात बघा, अंदाज करू नका. आणि तुमच्या फाइलचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून अशा फाइलमध्ये सहज दिसतील असे आकडे नमुन्यादाखल घेतो.

समजा पेशंट ३४ वर्षांचा पुरुष, वजन ६४ किलो. ताप ९ तारखेपासून. ११ तारखेला बाहेरच्या लॅबमध्ये डेंग्यूची एनएस-१ कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह. भरती १२ तारखेला संध्याकाळी ७:४०ला, डिस्चार्ज १६ला सकाळी ११ वाजता. फाइलमध्ये सीबीसीचे तीन रिपोर्ट आहेत: १२ची संध्याकाळ (प्लेटलेट १ लाख १० हजार, हिमॅटोक्रिट ४६.२), १४ची सकाळ (४२ हजार, ४५.८) आणि १६ची सकाळ (८८ हजार, ४०.५). नाहीत ते १३ची सकाळ, १३ची संध्याकाळ आणि १५ तारखेचा.

आधी शोध, मग पत्र

डॉक्टरांकडे जाण्याआधी तुमच्या टेबलावर एक काम संपायला हवं. 'रिपोर्ट नाही' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी लपतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. तपासणी झाली, रिपोर्ट निघाला आणि हरवला. तपासणी झाली, पण लेखी रिपोर्ट कधी बनलाच नाही. रिपोर्ट दुसऱ्याच कोणाकडे आहे. आणि चौथी, तपासणी झालीच नाही, फक्त बिलात चढली. बिलाची प्रत घ्या आणि प्रत्येक तपासणीसमोर यातला एक प्रकार लिहा. कागद सापडेपर्यंत 'बहुतेक झाली असेल' हा पाचवा प्रकार धरू नका.

१३ तारखेचे दोन सीबीसी. छोट्या रुग्णालयात सीबीसी बहुधा स्वतःच्याच सेल काउंटरवर होतं आणि थर्मल कागदाची पट्टी केसपेपरला चिकटवली जाते. ती पट्टी काही काळाने फिकी पडते किंवा गळून पडते. पण मशीनच्या मेमरीत निकाल तारीख, वेळ आणि सॅम्पल नंबरासकट असतो. किती दिवसांचा राहतो हे मशीनवर अवलंबून आहे, म्हणून हे काम आजच करा. तिथून पुन्हा प्रिंट काढा. निकालाची तारीख १३च राहील, त्याखाली 'पुनर्मुद्रण' आणि आजची तारीख टाकून लॅबप्रमुखाची सही घ्या. सोबत लॅब रजिस्टरच्या त्या पानाची प्रत जोडा, इतर पेशंटची नावं झाकून. मेमरी पुसली गेली असेल तर रजिस्टरची नोंद आणि नर्सिंग चार्टवर त्याच वेळी लिहिलेला आकडा, हे दोन मिळून चांगला पुरावा होतो. नुसता नर्सिंग चार्ट कमकुवत, पण शून्यापेक्षा बरा.

सोनोग्राफी. ती बाहेरून येणाऱ्या रेडिओलॉजिस्टने केली असेल तर रिपोर्टची सॉफ्ट कॉपी त्यांच्या कंप्युटरवर असते आणि मूळ रिपोर्ट बऱ्याचदा डिस्चार्जच्या पिशवीतून पेशंटच्या घरी गेलेला असतो. दोन्हीकडे फोन करा. दुय्यम प्रतीवर रेडिओलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

एक्स-रे. हा नेमका दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्लेट काढली, डॉक्टरांनी बघितली, केसपेपरवर 'छाती स्वच्छ' लिहिलं, पण कोणी रिपोर्ट टाइप केला नाही. इथे मोह होतो तो जुन्या तारखेचा रिपोर्ट बनवण्याचा. तसं करू नका. मूळ इमेज रेडिओलॉजिस्टला दाखवा आणि आजच्या तारखेचा रिपोर्ट घ्या, त्यात 'अमुक तारखेच्या फिल्मचं वाचन आज केलं' असं स्पष्ट लिहून. हे पूर्ण वैध आहे. वाचनात काही वेगळं निघालं तर तेही जसंच्या तसं पाठवायचं. इमेजही नसेल तर डॉक्टरांची त्या दिवशीची नोंद पाठवा आणि लेखी रिपोर्ट बनवला गेला नव्हता असं सरळ सांगा. त्या रकमेला कात्री लागू शकते, ती लागू द्या.

आता १५ तारखेचं सीबीसी. मशीनमध्ये नाही, रजिस्टरमध्ये नाही, नर्सच्या नोंदीत रक्त घेतल्याचा उल्लेख नाही. ऑर्डरशीटवर मात्र 'रोज सीबीसी' लिहिलेलं आहे आणि बिलिंगवाल्याने दिवस मोजून आकडा टाकलाय. म्हणजे ही तपासणी झालेली नाही. तिची रक्कम बिलातून कमी करून सुधारित बिल द्या आणि कव्हरिंग पत्रात एका वाक्यात कारण सांगा. आपणहून कमी केलेली रक्कम किरकोळ असते. तीच गोष्ट तपासनीसाने शोधली तर उरलेल्या पाचही सीबीसींवर प्रश्न उभा राहतो. टीपीएचा तपासनीस रुग्णालयात आला की पहिल्यांदा लॅब रजिस्टरच मागतो आणि त्या दिवशीचे सॅम्पल नंबर ओळीने लागतात का ते बघतो.

याच ओघात बनावट रिपोर्टबद्दल. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेत खोटं प्रमाणपत्र किंवा खोटा अहवाल सही करून देणं हे गैरवर्तन आहे आणि त्यावर नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. 'मी सही करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असतं, फक्त त्या घाईत आठवत नाही. डेस्कवरच्या माणसाने आठवण करून द्यायला हरकत नाही.

एनएस-१चा रिपोर्टही तपासा. बऱ्याच फाइलींत तो व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो असतो, नाव अर्धं कापलेलं. लॅबकडून पूर्ण पीडीएफ मागवा. आणि टेस्ट कार्डची असेल तर पत्रात कार्ड टेस्टच लिहा, एलायझा लिहू नका. सरकारी मार्गदर्शक सूचना निश्चित निदानासाठी एलायझा धरतात आणि कार्ड टेस्टने फक्त 'संभाव्य डेंग्यू' म्हणतात. टीपीएच्या डॉक्टरला हा फरक ठाऊक असतो. संभाव्य डेंग्यू म्हटल्याने क्लेम पडत नाही. एलायझा म्हणून कार्ड टेस्टचा कागद जोडला तर मात्र अडचण होते.

हरवलेले रिपोर्टच का महत्त्वाचे होते

हे तुमच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. हातातले तीन रिपोर्ट एकटे वाचले तर टीपीएला दिसतं काय? भरतीच्या वेळी प्लेटलेट १ लाख १० हजार, म्हणजे फारशा कमी नाहीत. रक्तदाब ठीक. १४ तारखेला ४२ हजार, पण रक्तस्राव नाही, प्लेटलेट चढवल्या नाहीत. मग निष्कर्ष निघतो: निरीक्षणासाठी भरती.

प्लेटलेटचा आकडा हा डेंग्यूमधला सर्वांत दिखाऊ आकडा. खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, आणि तो दिसतो हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्यात. पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं, टक्का चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढ ही झिरपण्याची खूण आहे. आता मशीनमधून काढलेले १३ तारखेचे आकडे बघा: सकाळी प्लेटलेट ७८ हजार, हिमॅटोक्रिट ४७.४, संध्याकाळी ६१ हजार आणि ४८.९.

पेशंटची आजाराआधीची पातळी माहीत नसते, म्हणून बरा झाल्यावरची पातळी मूळ धरायची, इथे ४०.५. ४८.९ मधून ४०.५ वजा केले की ८.४ उरतात. ४०.५ च्या तुलनेत ही वाढ साधारण २१ टक्के. आणि हातातल्या तीन रिपोर्टांतला सर्वांत मोठा आकडा ४६.२ घेतला तर वाढ फक्त १४ टक्के. म्हणजे जो कागद फाइलमधून गळाला होता, पाणी झिरपल्याचा आकड्यातला पुरावा त्याच्यावरच होता. त्यात सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड झालेली आणि पोटात थोडं पाणी असल्याचं आलं असेल, तर दोन वेगळ्या मार्गांनी एकच गोष्ट सिद्ध होते.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. बरं होताना बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं आणि टक्का थोडा जास्तच उतरलेला असू शकतो. म्हणून पत्रात 'बरा झाल्यावरची पातळी आधार धरून' हे शब्द घाला. समोरच्या डॉक्टरने आक्षेप घ्यायच्या आत आपणच सांगितलेलं बरं.

डॉक्टरांनी काय समजावायचं

स्पष्टीकरणाचा कणा म्हणजे वेळ. भरती योग्य होती का हे भरतीच्या क्षणी जे माहीत होतं त्यावर ठरतं. १३ तारखेचा हिमॅटोक्रिट १२ तारखेच्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाही. मुक्काम चार दिवस का चालला याचं कारण मात्र तो होतो. पत्रात हे दोन भाग वेगळे ठेवले नाहीत की डॉक्टर मागाहून कारणं शोधतायत असं वाटतं.

भरतीच्या वेळचं कारण केसपेपरच्या पहिल्या पानावर असतं. इथे समजा असं आहे: सकाळपासून पाच उलट्या, तोंडाने पाणी टिकत नाही, पोटात वरच्या भागात दुखणं, दुपारपासून लघवी एकदाच. नाडी १०४, रक्तदाब १०४/७०. सतत उलट्या आणि पोटदुखी या डेंग्यूच्या धोक्याच्या खुणा आहेत, आणि धोक्याची खूण असलेल्या पेशंटला भरती करा असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. प्लेटलेटचा आकडा या वाक्यात लागतच नाही.

टीपीए आणखी एक गोष्ट हमखास पकडतं: तापाचा चार्ट. १३ तारखेच्या संध्याकाळपासून ताप नाही, मग १६ पर्यंत ठेवलं कशाला? डेंग्यूमध्ये धोक्याचा टप्पा ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि एक-दोन दिवस टिकतो. म्हणजे चार्टवर जो पेशंट बरा दिसतो तोच सर्वांत जपायचा असतो. शिवाय डिस्चार्जसाठी ४८ तास ताप नसणं, प्लेटलेट चढत्या असणं आणि सलाइनशिवाय हिमॅटोक्रिट स्थिर असणं बघतात. या दोन वाक्यांनी मुक्कामाचा प्रश्न मिटतो, पण ती डॉक्टरांनी लिहायला हवीत. डेस्कने लिहिलेली ओळखू येतात.

सलाइनचं प्रमाणही कागदाशी जुळायला हवं. धोक्याच्या खुणा असताना सुरुवात ताशी, दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटरने करतात, म्हणजे ६४ किलोला ताशी साधारण ३२० ते ४५०. एक-दोन तासांनी ते कमी करत नेतात. पत्रात हे लिहिलं आणि नर्सिंग चार्टवर दिवसाला दोन बाटल्या दिसल्या, तर पत्रच खोटं पडतं. म्हणून इनटेक-आउटपुट चार्ट डॉक्टरांपुढे उघडा ठेवून मगच त्यांना लिहायला बसवा. चार्टवर जे आहे तेच पत्रात येईल. प्रत्यक्षात कमी दिलं असेल तर कमी लिहा, आणि का ते डॉक्टर सांगतील.

याचाच दुसरा भाग म्हणजे शब्दांना फुगवटा न देणं. रक्तदाब कधी घसरलाच नसेल तर 'शॉक'च्या जवळपास जाणारा शब्दही नको. 'जिवाला धोका होता' हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं आणि कोणीच वाचत नाही. 'सकाळपासून पाच उलट्या, केसपेपर पान २' हे मात्र वाचलं जातं.

पत्राचा मसुदा

प्रत्यक्ष पत्र बहुधा इंग्रजीत जाईल. मजकूर साधारण असा:

> क्लेम क्रमांक, पेशंटचं नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख-वेळ, आपल्या क्वेरीची तारीख.
>
> १. भरतीचं कारण. तापाचा चौथा दिवस, एनएस-१ कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह (११ तारीख, पान १). भरतीच्या वेळी सतत उलट्या, तोंडाने द्रव न टिकणं, पोटदुखी आणि लघवीचं प्रमाण कमी (केसपेपर, पान २). या धोक्याच्या खुणांमुळे शिरेतून द्रव देणं आवश्यक होतं. भरती केवळ तपासणीसाठी नव्हती.
>
> २. मुक्कामाचं कारण. हिमॅटोक्रिट १२ला ४६.२, १३ला संध्याकाळी ४८.९. बरा झाल्यावरची पातळी (१६ तारीख, ४०.५) आधार धरून वाढ सुमारे २१ टक्के (पाने ५ ते ९). सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड आणि पोटात अल्प पाणी (पान १०). ताप १३ला संध्याकाळी उतरला. धोक्याचा टप्पा त्यानंतरचा असल्याने द्रव आणि निरीक्षण १५पर्यंत चालू ठेवलं (पाने ११ ते १४). रक्तस्राव नसल्याने प्लेटलेट दिल्या नाहीत.
>
> ३. तपासण्यांचे रिपोर्ट. १३ तारखेचे दोन सीबीसी मशीनच्या नोंदीतून पुनर्मुद्रित करून रजिस्टरच्या सत्यप्रतीसह जोडले आहेत. एक्स-रेचा लेखी रिपोर्ट त्या वेळी तयार केला नव्हता. मूळ इमेजचं वाचन आजच्या तारखेने जोडलं आहे (पान १५). १५ तारखेचं सीबीसी ऑर्डर असूनही केलं गेलं नाही. त्याची रक्कम वजा करून सुधारित बिल जोडलं आहे (पान १६).
>
> उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही, नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का, आजची तारीख.

पत्र एका पानात बसवा. सही उपचार करणाऱ्या कन्सल्टंटची, रात्रपाळीच्या आरएमओची नाही. पत्रावरची तारीख आजची, डिस्चार्जची नव्हे. सगळे जोडकागद एकाच पीडीएफमध्ये, पानांना क्रमांक देऊन. पान क्रमांक दिल्याने वरवर काहीच बदलत नाही, पण तुमचं पत्र बरेचजण वाचतात. क्लेम नाकारायचा तर २०२४च्या सर्क्युलरनुसार विमा कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची किंवा तिच्या वरच्या समितीची मंजुरी लागते. त्या टेबलावर बसलेल्या माणसाने तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोललेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त पत्र आणि पानं असतात.

पाठवण्याआधी एक नजर

पत्र, डिस्चार्ज समरी आणि केसपेपर ओळीने तपासा. तापाची सुरुवात तिन्ही ठिकाणी एकच आहे का? पॉलिसी नवी असेल तर हा मुद्दा फार जड होतो, कारण पहिल्या ३० दिवसांत सुरू झालेला आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. केसपेपरमध्ये 'आठ दिवस ताप' आणि समरीत 'चार दिवस ताप' असं निघालं तर डॉक्टरांनी कोणतं खरं ते पत्रात सांगावं, जुनी नोंद खोडू नये. केसपेपरमध्ये नंतर भर घालायचीच असेल तर ती आजच्या तारखेने आणि सहीने, वेगळ्या ओळीत. जुन्या पानावर वेगळ्या शाईत घुसवलेला शब्द तपासनीसाला लांबून दिसतो.

जुन्या आजारांची नोंदही बघा. पहिल्या पानावर कोणी 'दोन वर्षांपासून बीपी' लिहिलं असेल आणि ते खरं असेल, तर ते तसंच राहू द्या. डेंग्यूचा आणि त्याचा संबंध नाही, डॉक्टरांनी तसं एका वाक्यात लिहिलं तरी पुरे.

रिपोर्ट जमवायला वेळ लागणार असेल तर क्वेरीची मुदत संपण्याआधी जे आहे ते पाठवा आणि उरलेलं कोणत्या तारखेपर्यंत येईल ते लेखी कळवा. गप्प राहिलात तर क्लेम 'कागदपत्रांअभावी बंद' होतो. बंद होणं आणि नाकारला जाणं वेगळं. बंद झालेला क्लेम कागद दिल्यावर पुन्हा उघडायची विनंती करता येते. पण दरम्यान पैसे अडकतात आणि पेशंट तुमच्या काउंटरवर येऊन उभा राहतो.

तो आला आणि कागद मागू लागला तर द्यायलाच लागतील. त्याच २००२च्या नियमांत मागणीनंतर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या आहेत, आणि अंतर्रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायच्या आहेत. 'टीपीएला दिलेत, तुम्हाला मिळणार नाहीत' हे उत्तर चालत नाही.

एवढं दिल्यावरही तीच क्वेरी पुन्हा आली, तर नवं पत्र लिहू नका. पहिलंच पत्र पुन्हा पाठवा, वर एक ओळ घाला की मागितलेली माहिती अमुक तारखेला अमुक पानांवर दिली आहे, आणि आणखी नेमका कोणता कागद हवा ते विचारा. दुसऱ्या पत्रात शब्द बदलले की दोन पत्रांतला फरक हीच तिसरी क्वेरी होते. क्लेम नाकारलाच गेला तर पुढची वाट पॉलिसीधारकाची: आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथे महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, नकारानंतर एका वर्षाच्या आत. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, फी नाही. तेव्हा तो तुमच्याकडे याच पत्राची सत्यप्रत मागेल, म्हणून टीपीएला पाठवलेल्या पीडीएफची एक प्रत पोचपावतीसकट केसपेपरमागे आजच लावून ठेवा.